देवळाजवळचा फ्लॅट आणि रात्रीची झोप

निवृत्तीचा पैसा हाती आला की आपल्याकडे बऱ्याच जणांच्या मनात एक विचार येतो. गावचे घर मुलाच्या स्वाधीन करावे आणि कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळ लहानसा फ्लॅट घ्यावा. पहाटे उठून काकडआरतीला जाता येईल, शुक्रवारी पालखी पाहता येईल, दवाखाना आणि बाजार दोन्ही हाताशी. विचार चांगलाच आहे. मात्र जागा पाहताना ही मंडळी पाणी किती वेळ येते ते विचारतात, लिफ्ट आहे का पाहतात, कागदपत्रे वकिलाला दाखवतात. झोपायच्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला उघडते हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पुढे सहा महिन्यांनी रक्तदाबाची गोळी वाढवून घ्यायला येतात, तेव्हा मी झोपेची चौकशी करतो आणि गाडी खिडकीपाशी येऊन थांबते.

आवाजाचा विषय निघाला की लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात, देवळाजवळ नकोच, गणपती-नवरात्रात कानाचे पडदे फाटतील. दुसरे म्हणतात, वर्षातले चार दिवस सणाचे, त्यात काय एवढे! माझे मत दोघांपेक्षा निराळे आहे. देवळाजवळ खुशाल राहावे. मिरवणुकीपासून कान सांभाळायचे असतात आणि रस्त्यापासून हृदय. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि फ्लॅट निवडताना दुसरी जास्त महत्त्वाची आहे. मिरवणूक वर्षातून मोजक्या वेळा येते, रस्ता मात्र रोज रात्री आपल्या उशाशी असतो.

आधी मापाविषयी थोडे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप आपल्या साध्या मोजपट्टीसारखे नाही. ते दहाने वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ५५ आणि ६५ यांतला फरक कागदावर किरकोळ दिसला तरी खोलीत तो किरकोळ नसतो. आपल्या देशातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. देवळाभोवतीचा परिसर बहुधा दुकानांचा असतो, म्हणून तिथे व्यापारी भागाची सैल मर्यादा लागू शकते हे घर घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आता रस्त्याचे पाहू. झोपेत आपण डोळे मिटतो, कान मिटत नाही. रात्री खिडकीखालून एखाद्या मोटारसायकलने सायलेन्सर फोडल्यासारखा आवाज केला, तर माणूस जागा होईलच असे नाही; पण मेंदू दखल घेतो, नाडी क्षणभर वाढते, रक्तदाब चढतो, धोक्याच्या वेळी पाझरणारी संप्रेरके रक्तात येतात. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती रोजची विश्रांती असते. रात्रभर दर पाच-दहा मिनिटांनी हॉर्न, ब्रेक, गिअर बदलण्याचा आवाज येत राहिला, तर ही विश्रांती तुकड्यातुकड्यांनी मिळते. सकाळी माणूस म्हणतो, "झोप लागली होती हो, पण अंग जड आहे."

"सवय होते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तर पाठ झाले आहे. सवय मनाला होते. काही आठवड्यांनी माणूस आवाजाने जागा होणे कमी होते, हे खरे. पण नाडीचे आणि रक्तदाबाचे ते लहान लहान उसळणे त्या प्रमाणात कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यात रस्त्यावरील वाहनांचा आवाज रात्री घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत ठेवावा असे म्हटले आहे. दिवस-रात्र मिळून ५३ ची मर्यादा सांगितली आहे आणि ती ठरवताना मुख्य विचार लोकांना आवाजाने होणाऱ्या वैतागाचा केलेला आहे. आपल्याकडच्या वर्दळीच्या रस्त्यावर हा आकडा दुपारी दोनला सोडाच, रात्री दोनलाही गाठणे कठीण.

देवळाजवळचा रस्ता साध्या रस्त्याहून निराळा असतो, हेही सांगायला हवे. एरवी बाजाराचा रस्ता रात्री अकरानंतर निजतो. देवीच्या गावाचा रस्ता निजत नाही. परगावच्या गाड्या मध्यरात्रीनंतर यायला लागतात. पहाटे चारला बस उभी राहते, चालक इंजिन चालूच ठेवतो, उतरणाऱ्यांचा पुकारा होतो, रिक्षावाले धावतात, फुलवाल्यांचे टेम्पो येतात. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, शाळांच्या सुट्ट्या, नवरात्र, आणि नोव्हेंबरात व जानेवारी संपताना होणारे किरणोत्सवाचे दिवस, असे धरत गेले तर गर्दीचे दिवस बरेच भरतात. तिथे देवळाची घंटा बिचारी दोन मिनिटे वाजते आणि थांबते. तिने कुणाचा रक्तदाब वाढलेला मी पाहिलेला नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. गडहिंग्लज भागातले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या मंडळी माझ्याकडे येतात. गुरुजींचे वय ६३, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू. त्यांनी दोन फ्लॅट पाहिले होते. पहिला मुख्य रस्त्याला लागून, दुसऱ्या मजल्यावर, देवळापासून चालत तीन मिनिटांवर. झोपायची मोठी खोली आणि गॅलरी दोन्ही रस्त्याकडे. दुसरा पेठेतल्या आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, नऊ-दहा मिनिटांवर. झोपायची खोली मागच्या बोळाकडे. पहिल्याची किंमत जास्त होती. रस्त्याला लागून म्हणून किंमत जास्त! दुकानाला हे गणित बरोबर आहे. झोपायच्या खोलीला आपण आवाज विकत घेण्यासाठी जादा पैसे मोजतो, ही गंमत मला अजून उलगडलेली नाही.

बाईंचा ओढा पहिल्याकडे. "डॉक्टर, पहाटे साडेचारला दहा मिनिटे चालायचे म्हणजे पावसाळ्यात जमायचे नाही," हे त्यांचे म्हणणे रास्त होते. मी त्यांना एवढेच म्हटले, की एजंटाबरोबर एकदा पाहिलेत तेवढे पुरेसे नाही. तो दुपारी तीनला दाखवतो, तेव्हा रस्ता पेंगत असतो. किल्ली मागून घ्या आणि तीन वेळा जा. एकदा मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी, एकदा रात्री साडेदहा ते साडेअकरा, आणि एकदा पहाटे साडेचार ते सहा. प्रत्येक वेळी झोपायच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून पंधरा मिनिटे गप्प बसा, मग खिडकी बंद करून पाच मिनिटे बसा. मुलाच्या मोबाइलवर आवाज मोजायचे ॲप टाकून घ्या. हे ॲप काही प्रयोगशाळेचे यंत्र नव्हे, चार-पाच डेसिबल इकडेतिकडे होतात. पण एकाच फोनने दोन घरे मोजली तर कोणते घर किती शांत एवढे नक्की कळते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तेवढी सूट दोन्हींना सारखीच.

गुरुजी शिस्तीचे. वहीत तक्ता करून घेऊन आले. पहिल्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला उघड्या खिडकीपाशी काटा बहुतेक वेळ ६४ ते ६८ च्या दरम्यान आणि हॉर्न वाजला की ८० ला टेकत होता. पहाटे वाहने कमी, म्हणून मधूनच ५५ पर्यंत उतरे. पण बस आली की पुन्हा ७५. खिडकी बंद केल्यावर खोलीत ४८ ते ५०. दुसऱ्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला उघड्या खिडकीपाशी ४४ ते ४८, पहाटे दूधवाल्याची मोटारसायकल गेली तेव्हा एकदा ६२. बाईंनी खाली आपल्या अक्षरात लिहिले होते, "घंटा ऐकू येते."

या आकड्यांतले महत्त्वाचे काय? सरासरीपेक्षा मी उसळी पाहतो. झोप मोडते ती उसळीने. शांत खोलीत एकदम वाजलेला हॉर्न हा सतत चालणाऱ्या पंख्याच्या घरघरीहून वाईट. झोपण्याच्या खोलीत आतला सततचा आवाज ३० च्या आसपास आणि एकेकट्या आवाजाची उसळी ४५ च्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सांगितले होते. उघडी खिडकी बाहेरचा आवाज फार तर १० ते १५ ने कमी करते. म्हणजे पहिल्या फ्लॅटमध्ये हॉर्नची ८० ची उसळी पलंगापर्यंत ६५ ते ७० होऊन पोहोचणार. खिडकी बंद केली तर २०-२५ ने कमी होते, पण सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना फटी असतात आणि हवा जिथून येते तिथून आवाजही येतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसलेल्या घरात खिडकी बंद करून झोपणार कोण? म्हणून हिशेब नेहमी उघड्या खिडकीचा करावा. बिल्डर बंद खिडकीचा दाखवतो.

येथे एक गैरसमज काढून टाकतो. "आम्ही सहाव्या मजल्यावर घेतलाय, तिथे आवाज पोहोचत नाही," असे अभिमानाने सांगतात. एखाद्या ठिकाणी उभ्या असलेल्या कर्ण्याचा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. रस्ता मात्र एक बिंदू नसून लांब रेघ असते. तिथे अंतर दुप्पट झाले तरी सुमारे ३ च उतरतात. दुसऱ्या मजल्यावरून सहाव्यावर गेल्याने पाच-सहाचा फरक पडला तर भाग्य. उलट खालच्या मजल्याला कंपाउंडची भिंत, झाड, समोरची टपरी यांचा जो थोडा आडोसा असतो तोही वर मिळत नाही. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर आवाज भिंतींवर आपटत वर चढतो. खरा फरक बाजू बदलल्याने पडतो. तीच इमारत, तोच मजला, पण खोली मागच्या अंगाला असेल तर मधे उभी असलेली सगळी इमारत आडोशाचे काम करते आणि आवाज १० ते २० ने उतरतो. इतका उतार पैसे खर्चून खिडकीला दुहेरी काच लावली तरी सहज मिळत नाही.

तेव्हा मुख्य रस्त्यावरचा फ्लॅट घ्यायचाच असेल, तर मागच्या बाजूची लहान खोली झोपायला धरा आणि पुढची मोठी बैठकीला. आपल्याकडे मोठी खोली ती घरमालकाची, हा नियम कुणी केला कोण जाणे. आणि खिडकीखाली गतिरोधक आहे का, चढ आहे का, रिक्षाथांबा आहे का, हेही वाकून पाहा. गतिरोधकापाशी प्रत्येक वाहन ब्रेक दाबते, खडखडते आणि पुन्हा गिअर टाकून निघते. चढावर इंजिन घरघरते. शंभर पावलांवर हाच रस्ता बराच निवांत असू शकतो.

आता मिरवणुकीकडे वळू. गुरुजींच्या दुसऱ्या फ्लॅटला एक खोट होतीच. गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा मांडव पडतो. खालच्या किराणा दुकानदाराने सगळी कुंडली सांगितली: अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ आरती, कर्णा, रात्री दहाला बंद. गुरुजी घाबरले. मी म्हटले, हिशेब करा. कर्ण्यापासून दहा मीटरवर ८५ असेल, तर तीस मीटरवरच्या तुमच्या खिडकीत ७५ च्या आसपास येईल. खिडकी लावून घेतली की ५०-५५. त्रासदायक आहे, पण दहाला थांबते आणि झोपेची रात्र शिल्लक राहते. त्याला तक्रारीची सोयही आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला नियमाने बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते आणि ते दिवस कोणते हे जिल्हाधिकारी दर वर्षी जाहीर करतात. ती यादी वर्तमानपत्रात येते, कापून ठेवावी. त्याबाहेरच्या दिवशी दहानंतर वाजले तर ११२ ला फोन करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या निकालात रात्रीची ही बंदी कायम ठेवली आहे. मांडवाविरुद्ध हे सगळे करता येते. मुख्य रस्त्यावरच्या रोजच्या वाहतुकीविरुद्ध कुणाकडे तक्रार करणार? तिथे दोषी कुणी एक नसतोच. घर घेताना हा फरक मला निर्णायक वाटतो.

विसर्जनाची मिरवणूक मात्र वेगळ्या जातीची असते. महाद्वार रोडवरून जाणारी मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चाललेली कोल्हापूरकरांनी पाहिली आहे. हलगी, लेझीम, झांजपथक गेले तर घर आनंदाने गॅलरीत येते. लोक ज्याला डॉल्बी म्हणतात त्या भिंती आल्या की प्रश्न कानाचा होतो. कानाचा हिशेब असा आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो, पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटे. गॅलरीखाली गाडा थांबला की शंभर सहज होतात. आणि मिरवणूक चालण्यापेक्षा थांबते जास्त. थांबते ती चौकात. म्हणून चौकातल्या पहिल्या इमारतीत घर घेऊ नये, चाळीस-पन्नास मीटर आत घ्यावे. कोणत्या चौकात किती वेळ गाडे उभे राहतात, हे एजंट सांगणार नाही. कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला मिनिटांसकट सांगेल.

त्या आवाजातला 'धम्म धम्म' भाग, म्हणजे खालच्या पट्टीतला, काच आणि भिंत दोन्हींतून आत येतो. खिडकी बंद केली की गाण्याचे शब्द जातात आणि ठोके राहतात, हा अनुभव सर्वांचा आहे. त्यावर घरात बसून फारसा इलाज नाही. मला खटकते ते वेगळेच. मिरवणूक घरासमोरून जाते म्हणून नातेवाइकांना मुद्दाम बोलावतात आणि तान्ह्या नातवंडाला गॅलरीत उचलून धरतात. ते रडते, तर त्याला गर्दी आवडत नाही म्हणतात. कानात कापूस घालतात, पण कापसाने फारच थोडा आवाज अडतो. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. ते बोटांत वळून बारीक करून, कान वर-मागे ओढून आत सरकवले आणि फुगेपर्यंत धरले, तर १५ ते २५ ने आवाज कमी होतो. मोठ्या माणसांसाठी ते ठीक. तान्ह्या बाळाला मात्र मागच्या खोलीत, शक्यतो दुसऱ्याच घरी ठेवावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्या आजोबांनी ते त्या वेळी बंद करावे. यंत्र चालू ठेवून कानात कुंईकुंई सहन करीत बसू नये.

मिरवणुकीनंतर कान भरल्यासारखे वाटणे, शिटी वाजल्यासारखा आवाज येणे, हे बहुतेकांचे रात्रभरात किंवा एक-दोन दिवसांत जाते. पण गेले म्हणजे काही झाले नाही असे समजू नये. तसे दर वर्षी होत राहिले तर कानातल्या बारीक पेशी हळूहळू कायमच्या जातात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. दुसऱ्या दिवशीही एका कानाने कमी ऐकू येत असेल, फोन त्या कानाला लावला की शब्द कळत नसतील, तर 'मळ असेल' म्हणून तेल घालत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अशा काही रुग्णांना लवकर औषध मिळाले तर ऐकणे परत येऊ शकते. पंधरवडा उलटल्यावर आमच्या हातात फार काही राहत नाही.

गुरुजींनी दुसरा फ्लॅट घेतला. त्यामुळे त्यांचा रक्तदाब उतरला असे मी म्हणणार नाही; गोळ्या त्याच आहेत आणि एका माणसावरून असे काही ठरवता येत नाही. बाईंनी काकडआरतीचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला आहे. उन्हाळ्यात रोज चालत जातात, पावसाळ्यात फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, तेही शेजारच्या दोघी बरोबर असतील तर. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दोघे कुलूप लावून गावाला जातात आणि रस्ते धुऊन झाले की परततात.